अर्ध्या चमच्यावर अडलेली कॉफी

कॉफीतली साखर कमी करायची ठरवलेला माणूस दोन चमच्यांवरून दीडवर येतो, दीडवरून एकावर येतो, थोड्या कुरकुरीने अर्ध्यावरही येतो. आणि तिथे अडतो. महिने जातात, वर्षे जातात, पण तो अर्धा चमचा काही सुटत नाही. "बाकी सगळे जमले, पण तेवढी अर्धा चमचा लागतेच," हे वाक्य महाराष्ट्रातल्या किती स्वयंपाकघरांत ऐकू येते! मग एखाद्या सकाळी जिद्दीने दूध-साखर दोन्ही वगळून कॉफी केली जाते. पहिल्याच घोटाला तोंड कडूजहर होते, कप बेसिनमध्ये रिकामा होतो आणि घरात निकाल जाहीर होतो की काळी कॉफी हे आपले काम नव्हे.

या निकालात दोष जिभेला दिला जातो, आणि तिच्यावर तो अन्याय आहे. अडचण असते ती चमच्याच्या हिशेबात आणि डब्यातल्या पावडरीत. या दोन्हींबद्दल असलेले गैरसमज दूर केले, तर दुधाळ गोड कॉफीपासून काळ्या कॉफीपर्यंतचा रस्ता बराच सोपा होतो.

"दर वेळी अर्धा चमचा कमी केला की झाले"

आधी चमचा म्हणजे किती ते पाहू. साखरेच्या डब्यातला नेहमीचा छोटा चमचा सपाट भरला, तर त्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. पण डब्यातून चमचा सहसा सपाट होऊन येत नाही. तो शीग लावून येतो, आणि तेव्हा त्यात ६ ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त साखर असते. म्हणजे 'दोन चमचे' ही गोष्ट एका घरात ८ ग्रॅम असते आणि शेजारच्या घरात १२. दिवसातून दोन कप घेणाऱ्या दुसऱ्या घरातल्या माणसाच्या पोटात नुसत्या कॉफीतून २४ ग्रॅम साखर जाते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शक तत्त्वांत दिवसभराची साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगितले आहे. म्हणजे बिस्किट, गोडाचा शिरा, सॉस यांचा हिशेब सुरू होण्याआधीच जवळजवळ सगळा वाटा संपलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्या संवेदना फरक मोजतात तो प्रमाणात. दहा किलोच्या पिशवीत पावशेर तांदूळ वाढवले तर हाताला कळत नाही, पण अर्ध्या किलोच्या पुडीत तेवढेच वाढवले तर लगेच कळते. गोडीचेही तसेच आहे. साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या आतला बदल जिभेला जेमतेम जाणवतो, त्यापुढचा ठसठशीत कळतो.

हे माप लावून अर्ध्या-अर्ध्या चमच्याची पायरी पाहा. दोनवरून दीडवर येताना साखर २५ टक्क्यांनी कमी होते. दीडवरून एकावर येताना ३३ टक्क्यांनी. एकावरून अर्ध्यावर येताना ५० टक्क्यांनी. आणि अर्ध्यावरून शून्यावर येताना शंभर टक्क्यांनी! हाताला चारही पायऱ्या सारख्याच वाटतात, पण जिभेला प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा उंच लागते. शेवटची तर पायरी नसून भिंतच असते. म्हणूनच माणसे अर्ध्या चमच्यावर अडतात. त्यांचा निश्चय तिथे कमी पडत नाही, पायरी मोठी पडते.

उपाय यातूनच निघतो: खाली येताना पावले लहान करत न्यायची. एक नेहमीचा कप घेऊन हे करून पाहू. समजा, १५० मिलिलिटरच्या कपात १०० मिलिलिटर दूध, ५० पाणी, एक चमचा इन्स्टंट कॉफी आणि १२ ग्रॅम साखर आहे. पहिला आठवडा काहीच कमी करायचे नाही, फक्त वजन करायचे आणि रोज तेवढीच घालायची. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग कुठून निघालो हेच त्यांना माहीत नसते. पुढच्या आठवड्यात १० ग्रॅम, त्यानंतर दर आठवड्याला ८, साडेसहा, ५, ४, ३, २ आणि १. शेवटच्या काही पायऱ्या टक्केवारीने पुन्हा मोठ्या होतात, म्हणून तीन ग्रॅमपासून खाली एकेका पायरीवर आठवड्याऐवजी दहा-बारा दिवस थांबायला हरकत नाही. १ ग्रॅमवरून मात्र सरळ शून्यावर जावे. १५० मिलिलिटरमध्ये १ ग्रॅम म्हणजे एक टक्क्याहूनही कमी साखर. साध्या पाण्यातसुद्धा इतकी साखर जेमतेम ओळखू येते, कॉफीच्या कडवट चवीखाली तर तिचा पत्ताच लागत नाही. त्यामुळे या टप्प्यावर अडून राहण्यात अर्थ नसतो.

चमच्याने दीड-दोन ग्रॅम मोजणे अवघड जाते, हे खरे. त्यासाठी ५ ग्रॅमच्या खाली आल्यावर पाक वापरावा. ५० ग्रॅम साखर गरम पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर होईल एवढेच पाणी घालायचे, गार करून बाटलीत भरायचे आणि फ्रिजमध्ये ठेवायचे. या पाकाच्या एका मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम साखर असते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येते ती खुणांची टोपी धुऊन घेतली की माप तयार: ८ मिलिलिटर म्हणजे ४ ग्रॅम, ६ म्हणजे ३, ४ म्हणजे २. पाक थोडाच करावा आणि आठवड्याभरात संपवावा.

"एकवीस दिवसांत जीभ बदलते"

या आकड्याला दोन आधार दिले जातात आणि दोन्ही डळमळीत आहेत. पहिला आधार अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६०च्या पुस्तकाचा. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला 'किमान' शब्द वाटेत गळाला आणि आकडा सगळ्याच सवयींना चिकटला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी लागायला प्रत्यक्षात किती दिवस लागतात हे मोजले. मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक पडला.

दुसरा आधार जिभेवरच्या पेशींचा. चव ओळखणाऱ्या पेशी दर दहा-पंधरा दिवसांनी नव्या येतात हे खरे आहे. त्यावरून कुणी तरी जोडून दिले की नव्या पेशींना जुन्या गोडीची ओळखच नसते, म्हणून दोन-तीन आठवड्यांत आवड बदलते. पण पेशी नव्या आल्या तरी मेंदू जुनाच असतो, आणि किती गोड म्हणजे 'बरोबर' हे ठरवतो तो मेंदू.

याची नीट तपासणी अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रात झाली. चव आणि गंध यांवरच काम करणारी ही संस्था. तिथला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. काही लोकांनी तीन महिने आहारातल्या साध्या साखरेतून मिळणाऱ्या उष्मांकांपैकी सुमारे ४० टक्के कमी केले. पहिल्या महिन्यात विशेष काही घडले नाही. दुसऱ्या महिन्यापासून फरक दिसू लागला, आणि तिसऱ्या महिन्यात या लोकांना चाचणीत दिलेले पुडिंग आहार न बदललेल्यांच्या तुलनेत सुमारे ४० टक्के अधिक गोड वाटू लागले. म्हणजे जीभ हळवी होते, पण त्यासाठी दोन-तीन महिने जावे लागतात. वरचे वेळापत्रक दहा-अकरा आठवड्यांचे आहे ते उगाच नाही.

याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो. गोडी जास्त जाणवू लागली तरी किती गोड आवडते यात मात्र फरक पडला नाही, आणि हवे ते खायची मोकळीक मिळताच ही मंडळी पुन्हा जुन्या साखरेवर गेली. त्यामुळे 'एकदा सुटली की कायमची सुटली' यावर विसंबू नये. शिवाय या लोकांनी सगळ्या आहारातली साखर कमी केली होती. कॉफीतली साखर गेली आणि तिच्या जोडीला दोनाची चार क्रीमची बिस्किटे आली, तर जिभेचे माप जिथे होते तिथेच राहते. हे फार घरांत होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

जीभ खरोखर सरकली का, हे ओळखायला एक साधी परीक्षा आहे. दर दोन आठवड्यांनी अगदी पहिल्या मापाची, १२ ग्रॅमची कॉफी करून फक्त एक घोट घ्यावा. तो पूर्वीसारखाच छान लागला तर पुढची पायरी लांबवावी. घोट गिळल्यावर घशाशी चिकटपणा राहिला, पाणी प्यावेसे वाटले, तर पुढे जायला हरकत नाही. कार्यालयातल्या यंत्राची कॉफी हीदेखील चांगली परीक्षा ठरते, कारण तयार मिश्रणात बहुधा साखर आधीच असते. दोन महिन्यांपूर्वी जी रोज रिचवली, तीच आता पाकासारखी लागते.

"एकदम सोडणाऱ्यांचे टिकत नाही"

हळूहळू कमी करणे बहुतेकांना सोपे जाते, पण तोच एकमेव मार्ग आहे असे मात्र नाही. लंडनमध्ये साखरेचा चहा पिणाऱ्या ६४ पुरुषांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ साली मांडले गेले. एका गटाने चार आठवड्यांत साखर टप्प्याटप्प्याने कमी केली, दुसऱ्याने एका दिवसात बंद केली, तिसऱ्याने काहीच बदलले नाही. शेवटी पहिल्या गटातल्या ४२ टक्के लोकांनी आणि दुसऱ्या गटातल्या ३६ टक्के लोकांनी साखर सोडलेली होती. काहीच न बदललेल्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. चहाची आवडही साखर गेल्याने कमी झाली नव्हती. प्रयोग लहान आहे आणि चहाचा आहे, तरी त्यातून एवढे नक्की कळते की ज्याला डॉक्टरांनी उद्यापासून साखर बंद सांगितली आहे, त्याने 'आपल्याला एकदम जमणार नाही' असे आधीच ठरवू नये.

मिनेसोटा विद्यापीठात कॉफीवरच झालेल्या एका प्रयोगात आणखी एक गोष्ट पुढे आली. बिनसाखरेची कॉफी लक्ष देऊन, चव-वास टिपत प्यायला शिकवलेल्या लोकांना ती अधिक आवडू लागली. टप्प्याटप्प्याने साखर कमी करणाऱ्यांपेक्षाही त्यांचा बदल सरस ठरला. सकाळचा कप मोबाइल पाहत संपवण्याची सवय इथे आड येते. पहिला घोट तोंडात क्षणभर धरून, मग गिळून, नाकाने श्वास बाहेर सोडला की भाजलेल्या दाण्याचा वास कळतो. गोडी गेल्यावर कॉफीत उरते ते मुख्यतः हेच.

"कडूपणा म्हणजे कॅफीन, आणि तो असणारच"

कॉफीच्या कडवटपणात कॅफीनचा वाटा जेमतेम दहा-पंधरा टक्के. कॅफीन काढून टाकलेली कॉफीही कडू लागते, ती म्हणूनच. जर्मनीतील म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातले थॉमस हॉफमन यांच्या गटाने २००७ साली हे उलगडून दाखवले. हिरव्या दाण्यातली क्लोरोजेनिक आम्ले भाजताना बदलतात आणि त्यांतून कडवट द्रव्ये तयार होतात. मध्यम भाजणीत हा कडवटपणा सौम्य, सहज सोसणारा असतो. दाणा काळाकुट्ट होईपर्यंत भाजला की तीच द्रव्ये आणखी मोडून फेनिलइंडेन नावाची नवी द्रव्ये होतात, आणि त्यांची कडू चव जिभेवर खरखरत, रेंगाळत राहते. म्हणजे कॉफी किती कडू लागणार हे बऱ्याच अंशी भट्टीत ठरते.

आता बेसिनमध्ये ओतलेल्या त्या कपाकडे परत येऊ. तो कप बहुधा दुधाच्या कॉफीसाठी बनवलेल्या पावडरीचा होता. आपल्याकडच्या अनेक पावडरींत चिकोरी असते. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी, म्हणजे उरलेली ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. पाकिटाच्या बाजूला बारीक अक्षरात ते प्रमाण छापलेले असते. चिकोरी ही एका वनस्पतीची भाजलेली मुळी, गुजरातेत तिचे मोठे पीक निघते. दुधात ती रंग आणि दाटपणा आणते, म्हणून फिल्टर कॉफीत तिला मान आहे. दूध काढले की मात्र तिचा जळकट कडूपणा उघडा पडतो. त्यात दाणा रोबस्टा असेल तर भर पडते. रोबस्टात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असते, चवही रांगडी असते. भारतात पिकणाऱ्या कॉफीत मोठा वाटा रोबस्टाचाच आहे.

दुधाची कामगिरीही समजून घेण्याजोगी आहे. दुधातली प्रथिने कॉफीतल्या तुरट-कडू द्रव्यांना धरून ठेवतात, त्यामुळे ती जिभेपर्यंत कमी पोचतात. साखरेचे तसे नाही. ती कडू द्रव्याला हात लावत नाही, मेंदूत पोचलेला कडवटपणाचा निरोप दाबून टाकते. म्हणून दोन्ही एकाच दिवशी काढले की झाकण आणि पडदा एकदमच जातो. आधी साखर, ती शून्यावर आली की मग दूध, हा क्रम त्यामुळे बरा पडतो.

दूध काढताना पावडर बदलावीच लागते. काळ्या कॉफीसाठी चिकोरी नसलेली, मध्यम भाजलेली अरेबिका घ्यावी. चिकमगळूर, कोडगूकडची अशी कॉफी आता पुण्या-मुंबईत आणि ऑनलाइनही सहज मिळते. दळण रव्याइतके जाड हवे. २०० मिलिलिटर पाण्याला १२ ग्रॅम पावडर, पाणी उकळल्यावर मिनिटभर थांबून ओतलेले, झाकण ठेवून चार मिनिटे, आणि लगेच गाळून घेतलेले. फ्रेंच प्रेस नसेल तर स्टीलचे भांडे आणि बारीक गाळणे चालते. पावडर चहासारखी उकळत ठेवणे ही सर्वांत जास्त होणारी चूक, कारण जास्त वेळ उकळल्यावर दाण्यातले नको तेही उतरते. इन्स्टंटच प्यायची असेल तर पाकिटावर 'शंभर टक्के कॉफी' लिहिलेली घ्यावी आणि सपाट एकच चमचा, तोही मोठ्या कपभर पाण्यात.

तरीही कडू लागली तर मिठाचे दोन-चार कण टाकून पाहावेत. मीठ कडवटपणा जिभेवरच रोखते, आणि इतक्या थोड्याने कॉफी खारट होत नाही. आपल्या जायफळाचाही इथे उपयोग आहे. पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी यांच्यामुळे मराठी नाकाने जायफळाची सांगड गोडाशी घातलेली आहे. गोडाशी जोडलेला वास आला की मेंदूला पदार्थ थोडा गोड वाटतो, साखर नसली तरी. साखर कमी होत असतानाच्या आठवड्यांत कपावर किसलेले चिमूटभर जायफळ चांगला हात देते.

"माझ्या जिभेला जन्मतःच कडू सोसत नाही," हा आणखी एक समज. कडवटपणा जाणवण्यात जनुकांचा वाटा असतो हे खरे. पण ब्रिटनमधल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१८च्या अभ्यासात उलटेच दिसले. कॅफीनचा कडवटपणा ज्यांना जनुकांमुळे अधिक जाणवतो, ते कॉफी जास्त पितात. कडवट चवीमागून येणारी तरतरी मेंदू लक्षात ठेवतो आणि त्या चवीशी त्याचे सख्य जमते.

"साखरेऐवजी गूळ, नाही तर गोड गोळी"

गूळ आणि मध ही साखरच. चव वेगळी लागली तरी गोडीचे माप तेच राहते. कृत्रिम गोडी किंवा स्टीव्हियाने उष्मांक वाचतात, पण कॉफी गोडच हवी ही सवय जशीच्या तशी राहते. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडीवर अवलंबून राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितले. ती शिफारस मधुमेह आधीच असलेल्यांसाठी नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांचे ऐकावे.

दुधाचा हिशेब शेवटी. साखर शून्यावर आल्यावर दर आठवड्याला १०० मिलिलिटरवरून ७५, ५०, ३०, १५ असे उतरावे आणि तेवढे पाणी वाढवावे. दुधाला स्वतःची गोडी असते, १०० मिलिलिटरमध्ये पावणेपाच ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा. ती साखरेपेक्षा बरीच फिकी, त्यामुळे गोड कॉफी पिणाऱ्याला कधी जाणवत नाही. साखर सुटल्यावर मात्र दुधाची कॉफी अंगचीच गोडसर लागू लागते. हा अनुभव आला की समजावे, जीभ कामाला लागली आहे.

एक पथ्य काळी कॉफी पिणाऱ्यानेही पाळावे. कॉफीमुळे अन्नातले लोह शोषले जायला अडथळा येतो, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर ती घेऊ नये, आणि दिवसभराचे कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असे राष्ट्रीय पोषण संस्थेचेच सांगणे आहे. १५० मिलिलिटर ताज्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते, म्हणजे दोन कप पुरे. गरोदर स्त्रियांनी आणि आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी आणखी जपून.

आणि ३० मिलिलिटर दुधावर येऊन कुणाला थांबावेसे वाटले, तर खुशाल थांबावे. कपातून निघून गेलेली साखर दिवसाला २४ ग्रॅम, वर्षाला पावणेनऊ किलो होती. तेवढे दूध त्या हिशेबात कुठेच येत नाही.